बैठकीचा तिसरा पाय

गणपतीला गावी गेलेल्या एक बाई परसातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या. पावसाने शेवाळ धरलेलं, हातात निर्माल्याची टोपली, पाय पुढे गेला आणि त्या थेट बसल्याच. पायरीची कड कुल्ल्यांच्या मधोमध लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण घरात पाहुणे होते. उठल्या, साडी झटकली आणि पुढचे चार दिवस उकडीच्या मोदकांपासून विसर्जनापर्यंत सगळं निभावलं. ठाण्याला परतल्यावर बँकेच्या काउंटरवर बसायची वेळ आली, तेव्हा कळलं की बसताच येत नाही.

माझ्याकडे त्या आल्या तिसऱ्या आठवड्यात. खुर्ची पुढे केली तर खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. मग एका कुल्ल्यावर भार देऊन तिरक्या टेकल्या. "डॉक्टर, जागाच अशी आहे की घरातही धड सांगता येत नाही," म्हणाल्या. सासूबाईंना त्यांनी "कंबर दुखते" एवढंच सांगितलं होतं. सासूबाई मायेने रोज रात्री कंबरेला बाम चोळत होत्या, दुखऱ्या जागेच्या चांगलं वीतभर वर.

या दुखण्यात निम्मा घोळ इथेच होतो. म्हणून मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो: एका बोटाने दाखवा. कंबर दुखणारा माणूस अख्खा तळहात पाठीवर फिरवतो. माकडहाड दुखणारा माणूस बोट नेमकं एका ठिकाणी ठेवतो, कुल्ल्यांच्या फटीत, गुदद्वाराच्या जरा वर. बाईंनी बोट ठेवलं आणि हात झटकन मागे घेतला. निदानाचा मोठा भाग तिथेच झाला.

माकडहाड म्हणजे मणक्याचं शेवटचं टोक. कंबरेखाली पाच मणके एकत्र जुळून त्रिकास्थी हे पाचरीसारखं हाड होतं आणि त्याच्या टोकाला तीन ते पाच, बहुतेकांत चार, छोटे मणके पुढच्या बाजूला वळलेले असतात. वैद्यकातलं त्याचं नाव ग्रीक भाषेतल्या कोकिळेवरून आलं, कारण त्याचा आकार चोचीसारखा दिसला. आपल्याकडे लोकांना शेपूट आठवलं. शेपटीचा अवशेष म्हटलं की ते निरुपयोगी असावं असं वाटतं. तसं नाही. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही धागे त्याला चिकटलेले असतात आणि ओटीपोटाचा तळ ज्या स्नायूंनी झोळीसारखा धरलेला असतो, त्या झोळीची मागची गाठ याच हाडाला बांधलेली असते. म्हणून इथे मार लागला की बसताना दुखतं, उठताना दुखतं आणि शौचाला कुंथतानाही दुखतं.

बसणं ही गोष्ट जरा नीट बघू. ताठ बसलं की वजन दोन हाडांवर येतं. सपाट पाटावर बसून हात खाली घातलात तर ती दोन्ही टोकं हाताला लागतील. त्यांना बैठकीची हाडं म्हणू. पण सोफ्यावर रेलून, पाय पुढे पसरून, लोडाला टेकून बसलं की ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो आणि माकडहाड खाली टेकतं. म्हणजे ती तिवई होते: दोन पाय बैठकीच्या हाडांचे आणि तिसरा माकडहाडाचा. हा तिसरा पाय मुळात भार घेण्याजोगा नाही. धडधाकट असेपर्यंत तो कुरकुर करत नाही. दुखावला की रेलून बसणं अशक्य होतं, आणि माणूस आपोआप पुढे वाकून नाही तर एका अंगावर बसू लागतो. बाई खुर्चीवर तिरक्या का टेकल्या, ते यावरून कळेल. बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांच्या साधारण पाचपट दिसतं. त्यांचं कटीर रुंद असतं, माकडहाड जरा जास्त मागे आणि उघडं असतं, शिवाय बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना त्याच्यावर दाब पडतो.

बाईंच्या पिशवीत एक्स-रे होता. रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर नाही, हाड 'पुढे वाकलेलं' एवढंच. त्या वाकलेल्या शब्दाने घरात धास्ती घातली होती. कुणीतरी हाडवैद्याचं नावही सुचवलं होतं, तो म्हणे बोट घालून हाड सरळ करतो. मी त्यांना सांगितलं की हे हाड वाकडंच असतं, काहींत बरंच वाकडं असतं आणि त्यातल्या कित्येकांना जन्मात कधी दुखत नाही. ताज्या माराच्या हाडाला आतून ओढाताण केली तर सूज वाढते, दुसरं काही होत नाही. जुन्या दुखण्यात प्रशिक्षित हाताने हलकेच करायचा एक उपचार आहे, पण त्याची ही वेळ नव्हती.

मग एक्स-रे साधा निघाला तरी दुखतं कसं? कारण तो काढताना बाई कुशीवर झोपल्या होत्या, आणि त्यांना दुखतं बसल्यावर. पॅरिसच्या झाँ-ईव्ह मेन या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात हीच साधी गोष्ट मनावर घेतली. त्यांनी बाजूने दोन एक्स-रे काढले, एक उभं राहून आणि एक नेमकं दुखेल अशा बैठकीत, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले. निरोगी माकडहाड बसल्यावर थोडं पुढे दुमडतं, साधारण 25 अंशांपर्यंत. काहींत ते त्याहून जास्त दुमडतं, आणि काहींत तर बसल्याबरोबर सांध्यातून मागे सरकतं आणि उभं राहिलं की जागेवर येतं. झोपून काढलेल्या फोटोत हे दिसणारच नाही. खुर्चीतून उठतानाच्या क्षणी जी जीवघेणी कळ येते आणि दोन पावलं टाकली की विरते, ती बऱ्याचदा अशा सैल सांध्याची खूण असते. हा बसून काढायचा एक्स-रे सगळीकडे काढत नाहीत आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याची गरजही नसते. दुखणं रेंगाळलं तर मात्र डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

पडल्यावर पहिले दोन-तीन दिवस बर्फाचे. फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, कुशीवर झोपून आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. बाईंनी नेमकं उलट केलं होतं. पडल्या त्याच संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन तिच्यावर बसल्या होत्या. शेक चांगला, पण ताजी सूज ओसरल्यावर. तेव्हा मग टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसलं की ती स्नायूंची झोळी सैल पडते आणि बरं वाटतं. वेदनाशामक गोळ्या चार-सहा दिवस चालतात. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत. एक गंमत सांगण्यासारखी आहे: काही कडक वेदनाशामकांनी पोट घट्ट होतं, मग कुंथावं लागतं, मग माकडहाड आणखी दुखतं. म्हणून औषधांच्या यादीत मी इसबगोल लिहितो आणि पेशंट बुचकळ्यात पडतात.

आता उशीकडे येऊ, कारण बाईंचे तीन आठवडे वाया गेले ते उशीपायीच.

पहिली उशी त्यांच्या दिरांनी औषधाच्या दुकानातून आणली होती. फुगवायची गोल रबरी रिंग, मूळव्याधीवाल्यांना देतात ती. मधे भोक आहे, म्हणजे दुखरी जागा अधांतरी राहील, असा हिशेब. तो चुकतो. रिंगची कड सगळीकडून आहे, मागूनही. माणूस जरासा मागे सरकला की माकडहाड नेमकं त्या मागच्या कडेवर येतं. शिवाय रिंगमध्ये माणूस रुततो, रुतला की कटीर मागे कलतं, आणि मधली जागा खाली ओढली गेल्याने ती स्नायूंची झोळीही ताणते. क्वचित कुणाला रिंगने आराम पडतो, त्यांनी ती खुशाल वापरावी. पण मी कुणाला ती आणायला सांगत नाही.

दुसरी उशी त्यांच्या मुलाने ऑनलाइन मागवली. ही बरोबर होती: पाचरीच्या आकाराची, मागे जाड, पुढे पातळ, आणि मागच्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच. तरी दुखणं तसूभरही कमी होईना. मी त्यांना ती घेऊन यायला सांगितलं. माझ्या खुर्चीवर त्यांनी ती ठेवली, आणि खाच पुढे आली, दोन मांड्यांच्या मधे! सायकलच्या सीटसारखं असेल असं त्यांना वाटलं होतं. आठवडाभर त्या उशीच्या पातळ कडेवर माकडहाड टेकवून बसत होत्या. उशी फिरवली, खाच मागे केली, बसल्या, आणि पहिल्यांदाच दोन्ही कुल्ले टेकवून माझ्याशी बोलल्या.

अशी उशी दोन कामं करते. खाच मागून उघडी असल्याने माकडहाडाखाली काहीच येत नाही, आणि पुढचा उतार कटीराला पुढे कलवतो, त्यामुळे भार बैठकीच्या हाडांवर आणि मांड्यांवर जातो. पहिलं काम खाच करते, दुसरं उतार. नुसती खाच असलेली सपाट उशीही चालते, पण ती घेऊन रेलून बसलं की फायदा संपतो.

विकत घेताना दाबून बघा, तेही हाताने नको, गुडघ्याने. उशी जमिनीवर ठेवून एक गुडघा तिच्यावर टेका आणि भार द्या. गुडघ्याला जमीन लागली तर फोम मऊ आहे, तुमच्या वजनाखाली खाच दबून नाहीशी होईल. मेमरी फोम उष्णतेने आणखी मऊ पडतो, त्यामुळे एसी दुकानात छान वाटलेली उशी मे महिन्यात घरी पापड होते. वजन जास्त असेल तर घट्ट आणि जाड उशी हवी. वर जेलचा थर असलेल्या महागड्या उशा मिळतात. त्यांनी थंड वाटतं, त्यापलीकडे माकडहाडाला त्या थराचं काही देणंघेणं नाही. घरी आणल्यावर उशीवर बसून मागून हात घाला. माकडहाडाखाली दोन बोटं मोकळी सरकली पाहिजेत.

पैसे घालण्याआधी फुकटात अंदाजही घेता येतो. दोन जाड चादरींच्या सारख्या घड्या करून खुर्चीवर शेजारी शेजारी ठेवा, मधे मागच्या बाजूला चार बोटं फट सोडा, आणि प्रत्येक घडीवर एकेक मांडी येईल असं बसा. पाच मिनिटांत बरं वाटलं तर खाचेची उशी तुम्हाला लागू पडणार. बाईंनी घरासाठी दुसरी उशी गादीवाल्याकडून करून घेतली: घट्ट फोम, अठरा इंच रुंद, सोळा इंच खोल, तीन इंच जाड, मागून चार इंच रुंद आणि सहा इंच आत अशी खाच. गादीवाल्याने "ताई, ही खाच कशाला?" असं तीनदा विचारलं, तेवढाच त्रास.

एक बारीक अडचण राहते. तीन इंचांच्या उशीवर पाय लोंबकळू लागतात, मांड्यांखाली कड रुतते आणि माणूस पुन्हा मागे रेलतो. खुर्ची खाली करता आली तर करावी, नाहीतर पायांखाली पाट घ्यावा. मधे खोलगट असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत कुठलीच उशी नीट बसत नाही. आणि उशी कितीही चांगली असली तरी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभं राहायचंच. उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, कंबरेतून पुढे वाकायचं, हात टेबलावर किंवा मांड्यांवर टेकायचे आणि मग उठायचं. मागे टेकलेल्या अवस्थेतून एकदम झटक्याने उठलं की ती कळ ठरलेली.

बरं व्हायला किती दिवस, हा प्रश्न बाईंनी पहिल्याच भेटीत विचारला. नुसता मुका मार असेल तर साधारण चार आठवडे. हाडाला चीर गेली असेल तर आठ ते बारा. इथे प्लास्टर घालता येत नाही आणि बसणं टाळता येत नाही, त्यामुळे दुखरा भाग दिवसातून शंभरदा हलतो. म्हणून उतारही सरळ रेषेत पडत नाही. बाईंचंच बघा. उशी फिरवल्यावर दोन आठवड्यांत त्या काउंटरवर अर्धा तास सलग बसू लागल्या. दिवाळीला गाडीने पुन्हा गावी गेल्या. गाडीची सीट मागे उतरती असते, उशी घरीच राहिली होती, घाटात खड्डे. परतल्यावर चार दिवस पुन्हा पहिल्यासारखं दुखलं आणि फोनवर त्या रडवेल्या झाल्या. मी सांगितलं, चार दिवसांत ओसरलं ना, म्हणजे नवीन काही मोडलेलं नाही. एखाद्या दिवसाच्या बैठकीने दुखणं उसळतं आणि ओसरतं, याला बिघाड म्हणत नाहीत. आठवडे मोजावेत, दिवस मोजू नयेत. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा उशी बँकेतच विसरल्या होत्या, आणि विसरल्याचं त्यांना माझ्याकडे बसल्यावर आठवलं.

दहातल्या नऊ जणांचं असंच, ऑपरेशनशिवाय निभावतं. दोन-तीन महिन्यांनंतरही बसणं अवघड असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. ते स्नायू मार विसरायला तयार नसतात, आकडून बसतात, आणि हाड बरं झाल्यावरही दुखवत राहतात. त्यापुढची पायरी दुखऱ्या सांध्यात किंवा त्याच्या पुढ्यातल्या मज्जागाठीत इंजेक्शनची. माकडहाड काढून टाकायचं ऑपरेशनही आहे. पण किमान सहा महिने बाकी सगळं करून झाल्याशिवाय त्याचं नाव काढू नये, कारण जखम गुदद्वाराला लागून असते, ती चिघळण्याचा धोका मोठा आणि पूर्ण आराम पडायला महिने लागतात.

न पडताही हे दुखणं येतं. सोफ्यावर पाय पसरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्‌तास काम करणाऱ्यांना, दिवसभर मोटारसायकलवर असणाऱ्यांना, आणि झपाट्याने वजन उतरलेल्यांनाही, कारण त्यांची अंगची गादीच गेलेली असते. उपाय तोच, उशी आणि उठबस. पण न पडता दुखू लागलं असेल तर आधी ते खरंच हाडाचं आहे का, हे बघावं लागतं.

एक कॉलेजचा मुलगा असाच आला होता. परीक्षेच्या अभ्यासाला बसून बसून माकडहाड दुखतं म्हणाला. आईने उशीही आणून दिली होती. तपासायला पालथं झोपवलं तर फटीच्या वरच्या टोकाला लालसर, गरम फुगवटा, आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून एक केस डोकावत होता. हा केसतुडीसारखा गळू, त्याला पायलोनिडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात हा इतका फोफावला की सुमारे 80 हजार सैनिकांना इस्पितळात भरती व्हावं लागलं. जीपमधून आदळत जाणाऱ्या केसाळ तरुणांना तो होतो म्हणून डॉक्टर त्याला जीप रोग म्हणू लागले. याला उशी चालत नाही, पू काढावा लागतो. फुगवटा, लाली, पाझर किंवा ताप असेल तर आधी सर्जन, मग बाकीचं. तसंच बसताना न दुखता फक्त शौचाला दुखतं आणि रक्त पडतं, ते बहुधा माकडहाडाचं नसतं, आणि लाजून लपवायचंही नसतं.

हाडाच्या दुखण्याची एक सवय लक्षात ठेवा: झोपलं की ते थांबतं. रात्री कुशीवर निजूनही जे ठणकत राहतं, दिवसेंदिवस वाढत जातं, सोबत वजन उतरतं, किंवा ज्यांना पूर्वी कॅन्सर होऊन गेला आहे त्यांना नव्याने असं दुखू लागतं, त्यांनी एमआरआयला उशीर करू नये. या हाडातली गाठ फार विरळा असते, पण ती सावकाश वाढते आणि वर्षानुवर्षं "मार लागला असेल" या नावाखाली खपून जाते. साठी उलटलेलं माणूस न्हाणीघरात बसकण मारून पडलं आणि त्याला उभं राहून पाऊल टाकवेना, तर ते माकडहाड समजून घरी ठेवू नका. त्रिकास्थी, खुबा किंवा कंबरेचा मणका मोडलेला असू शकतो.

आणि पडल्यानंतर, लगेच किंवा काही दिवसांनी, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर वाटू लागला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर ते माकडहाडाचं दुखणं नाही. मणक्याच्या खालच्या नसांचा जुडगा दाबला गेला आहे, आणि तो काही तासांत मोकळा केला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.